शूटच्या आधीचं चित्र

प्री-वेडिंग शूटचा कन्सेप्ट बोर्ड एआयकडून करून घ्यायचा, तर दोघांचे समोरून, मऊ उजेडात काढलेले फोटो द्यावेत; गॉगल आणि फिल्टर नकोत. प्रॉम्प्ट नेमका हवा: ‘चेहरे, उंची, वर्ण बदलू नकोस. वाईजवळचा मेणवलीचा घाट, काळ्या दगडी पायऱ्या. तिला हिरवी काठपदराची नऊवारी, काष्टा स्पष्ट दिसू दे. त्याला फिकट कुर्ता. सूर्यास्ताआधीचा तिरपा उजेड डावीकडून.’ नुसतं ‘मराठी साडी’ लिहिलं, तर काष्ट्याऐवजी सहावारीच्या निऱ्या येऊ शकतात. चित्र आलं की सावल्या पाहाव्यात. दोघांच्या सावल्या वेगवेगळ्या दिशांना असतील, तर तसा उजेड प्रत्यक्षात मिळणार नाही. घाटावर त्या वेळी ऊन कुठून येतं, हे छायाचित्रकाराला आधीच विचारावं आणि प्रॉम्प्टमधली दिशा त्याप्रमाणे बदलावी.