तीव्रतेचा आकडा आणि इशाऱ्याचा खरेपणा
(क्लाउडवरचा पहारा : लेखांक ५)

ॲमेझॉनच्या क्लाउडवरची गार्डड्यूटी ही सेवा 2017 पासून उपलब्ध आहे. खात्यात कोणी काय केलं याच्या क्लाउडट्रेलमधल्या नोंदी, सर्व्हरच्या नेटवर्क जोडण्या आणि डीएनएसकडे गेलेल्या चौकश्या ती स्वतः वाचते आणि संशयास्पद काही दिसलं की इशारा देते. प्रत्येक इशाऱ्याला 1 ते 10 च्या दरम्यान तीव्रता असते. इशारे वाढले की बहुतेक कंपन्यांत पहिला उपाय ठरतो तो असा : 7 च्या खालचं बघायचं नाही. हा उपाय मला चुकीचा वाटतो. इशारा खरा निघाला तर धोका केवढा, एवढंच तीव्रता सांगते. तो खरा आहे की नाही हे ठरवायला तुमच्या नेटवर्कची रचना ठाऊक असावी लागते आणि ती सेवेला ठाऊक नसते.

`UnauthorizedAccess:IAMUser/InstanceCredentialExfiltration.OutsideAWS` हा उच्च तीव्रतेचा इशारा घ्या. सर्व्हरला दिलेल्या रोलच्या तात्पुरत्या किल्ल्या ॲमेझॉनबाहेरच्या आयपी पत्त्यावरून वापरल्या गेल्या, असा त्याचा अर्थ. 2019 मध्ये उघड झालेल्या कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात अशाच किल्ल्या पळवून सुमारे 10 कोटी 60 लाख लोकांची माहिती नेली गेली, म्हणून या इशाऱ्याला घाबरणं रास्तच आहे. पण समजा, एखाद्या कंपनीने क्लाउडमधून इंटरनेटकडे जाणारी सगळी वाहतूक पुण्यातल्या स्वतःच्या डेटा सेंटरमधून वळवली आहे. मग सर्व्हरने केलेली साधी विनंतीही पुण्याच्या पत्त्यावरून आलेली दिसते आणि हाच इशारा वाजतो. त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो नेटवर्क सांभाळणाऱ्यांना : हा पत्ता आपला आहे का? नसेल, तर त्या किल्लीने कोणत्या विनंत्या झाल्या ते क्लाउडट्रेलमध्ये पाहायचं. रोजचं एकच काम करणारा रोल अचानक `GetCallerIdentity`, मग `ListBuckets` विचारू लागला, तर कोणीतरी हाती लागलेली किल्ली कुठली दारं उघडते ते चाचपून पाहत आहे. अशा वेळी नुसता सर्व्हर बंद करून भागत नाही. नेलेली किल्ली मुदत संपेपर्यंत चालतच राहते. आधी त्या रोलची जुनी सत्रं रद्द करायची, म्हणजे `aws:TokenIssueTime` ची अट घालून ठरावीक वेळेपूर्वी दिलेल्या सगळ्या किल्ल्या नाकारायच्या.

उलट `Recon:EC2/PortProbeUnprotectedPort` हा बहुधा कमी तीव्रतेचा इशारा. इंटरनेटवर असे चाचपणी करणारे सतत फिरत असतात, मग तो वाचायचा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. चाचपणी रोजची आहे हे खरं, पण हा इशारा चोरापेक्षा आपल्याच सर्व्हरबद्दल जास्त सांगतो : अमुक पोर्ट जगाला उघडं आहे. ते उघडं ठेवायचं कोणी ठरवलं होतं का, एवढंच तपासायचं. ठरवलं नसेल, तर सिक्युरिटी ग्रुपमधला तो नियम काढला की इशारा आपोआप थांबतो. त्याच सर्व्हरवरच्या त्याच प्रकारच्या इशाऱ्याची संख्या सेवा एकाच नोंदीत वाढवत नेते, त्यामुळे यादी भासते तितकी लांब नसते.

खरा धोका असतो तो गोंगाटाला कंटाळून केलेल्या सप्रेशन रूलमध्ये. या नियमात बसणारा इशारा थेट संग्रहात जातो, इव्हेंटब्रिजकडे पोहोचत नाही, म्हणजे कोणालाही निरोप जात नाही, आणि 90 दिवसांनी नोंदही उरत नाही. पुण्याच्या उदाहरणात हा नियम नुसत्या इशाऱ्याच्या प्रकारावर लावला, तर खरी चोरीही त्याखाली दडेल. प्रकार, बाहेर पडण्याचा आयपी पत्ता आणि रोल, तिन्ही अटी एकत्र हव्यात. तरीही त्याच पत्त्यावरून बाहेर पडणाऱ्या कार्यालयातल्या कोणी त्या रोलची किल्ली लॅपटॉपवर उतरवून वापरली, तर ते दिसणार नाही. ही फट मान्य असेल तरच नियम करावा, आणि तो कोणी, कशासाठी केला हे त्याच्या वर्णनात लिहावं. वाहतुकीची वाट बदलली की तो काढून टाकावा.

वर्गवारी नीट झाली तरी एक प्रश्न उरतो : काय गेलं? गार्डड्यूटी स्वतः वाचलेले मूळ लॉग तुम्हाला देत नाही. क्लाउडट्रेलचा नेहमीचा इतिहास 90 दिवसांचा असतो आणि त्यात एसथ्रीमधून फाइल वाचल्याची, म्हणजे `GetObject` ची नोंद नसते. ती वेगळी सुरू करावी लागते, तिचे पैसे पडतात, आणि चोरीनंतर सुरू केली तर मागचं काहीच मिळत नाही. ग्राहकांची माहिती ज्या बकेटांत आहे, निदान त्यांच्यासाठी तरी ही नोंद आजच सुरू करा.