गुरुवारची मोजणी

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशिनं बंद, शॉपमध्ये शुकशुकाट. अशा वेळी एअर कॉम्प्रेसर सुरू केला, तर तो पाइपलाइन भरून शांत बसायला हवा, कारण हवा वापरणारं कुणीच नाही. प्रत्यक्षात तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घुरघुरतो. तेवढी हवा सांध्यांतून, जुन्या होजमधून, कपलिंगमधून निसटलेली असते. विजेचं बिल मात्र तिचंही येतं.

ही गळती शोधून बंद करणं हा काही छोट्या सल्लागार कंपन्यांचा धंदा आहे. त्यांची अडचण एकच असते. तीन प्लांटचं वर्षभराचं पाच-सहा लाखांचं काम अनोळखी माणसाला कोण देणार? ‘आधी एक लाइन फुकट करून दाखवा, मग बघू,’ असं परचेसवाले म्हणतात आणि नवखा सल्लागार लगेच हो म्हणतो.

इथेच घोटाळा होतो. फुकटच्या कामाची पीओ निघत नाही, म्हणून ते कुणाच्याच जबाबदारीत बसत नाही. मेंटेनन्सचा फिटर दुसऱ्या कामावर जातो, सुट्टीच्या दिवशीची गेट-परवानगी अडकते. महिन्याने अहवाल तयार होतो, पण तो वाचणं ही कुणाची गरज नसते. पैसे घेतलेल्या छोट्या पायलटचं तसं होत नाही. रक्कम लहान असली तरी पीओ निघते आणि व्हेंडर कोड तयार होतो. पुढच्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी हाच कोड कित्येक आठवडे वाचवतो.

आता एक उदाहरण मांडून पाहू. भोसरीतल्या एका कारखान्यात ५० एचपीचा कॉम्प्रेसर आहे. तो दिवसाला २० तास, महिन्याला २६ दिवस चालतो. सल्लागाराचा प्रस्ताव एका पानाचा आहे : एक कॉम्प्रेसर, एक शॉप, चार आठवडे, फी ४० हजार रुपये अधिक जीएसटी. हा आकडा सहज सुचलेला नाही. प्लांट हेडला मुख्यालयाला न विचारता किती रकमेपर्यंत सही करता येते, हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं.

पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ यशाच्या मोजमापाची आहे. ‘वीजबिल कमी होईल’ असं तिथे लिहिलं, तर पायलट बुडालाच म्हणायचा. त्या महिन्यात उत्पादन वाढलं की बिलही वाढणार आणि मग वाद सुरू. म्हणून मोजायची ती गुरुवारची गळती. कॉम्प्रेसर किती सेकंद लोडवर आणि किती सेकंद अनलोडवर राहतो, ते घड्याळ लावून आठ-दहा फेऱ्या टिपायचं. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागलं की गळतीचा वाटा मिळतो. पहिल्या गुरुवारी लोड ३० सेकंद, अनलोड ७० सेकंद, म्हणजे गळती ३० टक्के. या नोंदीवर मेंटेनन्स प्रमुखाची सही घ्यायची. ती नसेल, तर शेवटी ‘आमची गळती एवढी नव्हतीच’ हे ऐकावं लागतं.

पुढची ओळ निर्णयाची : ‘गळती १५ टक्क्यांखाली आली, तर प्लांट हेड पाचव्या सोमवारच्या बैठकीत तिन्ही प्लांटच्या कराराबद्दल होकार किंवा नकार देतील. ६० दिवसांत करार झाल्यास ४० हजार त्यात वळते होतील.’ बैठकीची तारीख द्यायला कुणी तयार नसेल, तर मोठं काम मुळात होणारच नव्हतं, असं समजायला हरकत नाही. हे महिनाभर राबण्याआधी कळलेलं बरं. अशा निर्णयाविना लोंबकळणाऱ्या प्रयोगांना मॅकिन्झीसारख्या सल्लागार कंपन्यांनी ‘पायलट पर्गेटरी’ असं नावच दिलंय.

चौथ्या गुरुवारी लोड २४ सेकंद, अनलोड १६० सेकंद. गळती १३ टक्के. महिन्याला साधारण २३०० युनिट वाचली, म्हणजे ९ रुपये दराने २० हजारांच्या वर. कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही बरीच वीज खातो, हे धरूनच हा हिशेब केलेला आहे. तो भाग गाळला तर आकडा फुगतो आणि कारखान्याचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर तो बैठकीतच पकडतो.

एक मोह मात्र टाळायला हवा. सगळ्यात फुटकं शॉप निवडलं की निकाल देखणा येतो, पण उरलेल्या दोन प्लांटमध्ये तेवढी बचत निघत नाही आणि करार वर्षाच्या मध्यावर मोडतो. मध्यम स्थितीतलं शॉप घेणं शहाणपणाचं. पायलटमध्ये गळती शोधणारा अनुभवी माणूसच पुढच्या कामावर असेल का, हे ग्राहकानेही विचारावं.

उरला पैशांचा प्रश्न. निम्मी फी आगाऊ आणि निम्मी अहवालासोबत, असं पीओवरच लिहून घेता येतं. सल्लागाराची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार ठरवून दिलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की अकाउंट्स विभागाला याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.