किल्लीच्या जुडग्याचा भार

खड्ड्यात चाक आपटलं, डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले आणि इंजिन बंद पडलं, तर बॅटरीबरोबर किल्लीकडेही पाहा. जड जुडगा हिसक्यासरशी किल्लीला ‘ऑन’वरून मागे ओढतो. स्विचमधली स्प्रिंग ढिली असेल तर किल्ली सरकते; आतले संपर्क झिजले असतील तर ती जागेवर असूनही वीज तुटते. जनरल मोटर्सने २०१४मध्ये लाखो गाड्या परत मागवल्या त्या अशाच ढिल्या स्विचमुळे. किल्ली सरकली की त्यांच्या एअरबॅगही निकामी होत.

घरी तपासायचं तर हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि जुडगा काढून एकटी किल्ली हलकेच हलवा. तरीही दिवे मिणमिणले तर स्विच किंवा त्याचा कनेक्टर खराब आहे. जुडगा हलका करून भागणार नाही. धावत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, म्हणून ब्रेक जोरात, एकसलग दाबा. किल्ली मात्र ‘लॉक’कडे कधीच फिरवू नका.