हॉर्लिक्सची नोंद कशी झाली?

हिंदुस्तान युनिलिव्हर या मुंबईच्या कंपनीचा मार्च 2020 अखेरचा ताळेबंद आणि त्यानंतरच्या वर्षाचा ताळेबंद शेजारी ठेवला, तर पहिल्यांदा पाहणारा चक्रावून जातो. एका वर्षात कंपनीची निव्वळ संपत्ती सुमारे 8 हजार कोटी रुपयांवरून 47 हजार कोटींवर गेलेली दिसते. वर्षाचा नफा होता जेमतेम 8 हजार कोटी, आणि त्यातला बराचसा लाभांश म्हणून वाटलाही गेला होता. मग उरलेले 40 हजार कोटी आले कुठून? बँकेत तेवढी रोकड जमा झालेली नव्हती. हा आकडा आला होता एका विलीनीकरणाच्या नोंदीतून.

हॉर्लिक्स आणि बूस्ट विकणारी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन होणार, अशी घोषणा 3 डिसेंबर 2018 रोजी झाली. भागधारकांना पैसे मिळणार नव्हते. ग्लॅक्सोच्या एका शेअरच्या बदल्यात युनिलिव्हरचे 4.39 शेअर मिळणार होते. म्हणजे ज्याच्याकडे 100 शेअर होते, त्याच्या डीमॅट खात्यात 439 शेअर आले. ज्याच्याकडे 10 होते, त्याचा हिशेब 43.9 होतो. त्याला 43 शेअर मिळाले, आणि उरलेल्या अपूर्णांकाचे रोख पैसे. अशा व्यवहारात सगळ्यांचे अपूर्णांक एकत्र करून बाजारात विकतात आणि आलेली रक्कम ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे देतात.

एकूण सुमारे 18 कोटी 46 लाख नवे शेअर निघाले. आता ते शेअर घेणाऱ्या कंपनीच्या वहीत कोणत्या किमतीला लिहायचे, हा खरा प्रश्न. युनिलिव्हरच्या शेअरची दर्शनी किंमत 1 रुपया आहे. तेवढीच धरली तर सगळा सौदा अवघ्या साडेअठरा कोटींचा दिसेल, आणि ते कुणालाच पटणार नाही. इंड-एएस 103 हे लेखामानक सांगते, की ज्या दिवशी घेणाऱ्या कंपनीच्या हाती ताबा येतो, त्या दिवशीची शेअरची रास्त किंमत धरायची. ताबा आला 1 एप्रिल 2020 रोजी. त्या दिवशी शेअरचा बाजारभाव होता सुमारे 2,180 रुपये. या भावाने मोबदल्याची रक्कम झाली 40,242 कोटी रुपये.

जमेच्या बाजूला ही रक्कम दोन जागी विभागली जाते. प्रत्येक नव्या शेअरमागे 1 रुपया भागभांडवलात आणि उरलेले सुमारे 2,179 रुपये शेअर प्रीमियमच्या खात्यात. 100 शेअरवाल्या भागधारकापुरते बोलायचे तर त्याच्या 439 शेअरांमुळे भागभांडवल वाढले 439 रुपयांनी, तर प्रीमियम वाढला साडेनऊ लाखांहून अधिक. ताळेबंदात निव्वळ संपत्ती फुगलेली दिसते ती या प्रीमियममुळे.

नावेच्या बाजूला काम जास्त अवघड असते. विलीन होणाऱ्या कंपनीची यंत्रे, माल, येणी, रोकड, देणी असे सगळे नव्याने मोजून रास्त किमतीला आपल्या वहीत घ्यायचे. जुन्या वहीत काय आकडा होता, याला इथे महत्त्व नाही. शिवाय जुन्या वहीत मुळीच नसलेल्या गोष्टीही शोधून लिहाव्या लागतात. घरात वाढवलेल्या ब्रँडची किंमत कोणतीही कंपनी स्वतःच्या ताळेबंदात दाखवू शकत नाही, पण तोच ब्रँड दुसऱ्या कंपनीने विलीनीकरणात घेतला की त्याला किंमत द्यावीच लागते. हॉर्लिक्सच्या भारतातील मालकीहक्कासाठी युनिलिव्हरने 3,045 कोटी रुपये रोख वेगळे मोजले होते. मार्च 2021 अखेर कंपनीच्या वहीत गुडविल सोडून इतर अमूर्त मालमत्ता सुमारे 28 हजार कोटींची दिसते, आणि तिचा मोठा भाग या ब्रँडांचाच आहे.

ब्रँड वहीत मोठ्या किमतीला आला, पण प्राप्तिकराच्या हिशेबात त्याची तेवढी किंमत मानली जात नाही. या फरकावरचा कर ‘स्थगित कर देयता’ म्हणून देण्यांमध्ये लिहावा लागतो. देणी वाढली की हाती आलेली निव्वळ मालमत्ता कमी होते. शेवटी मोजलेला मोबदला आणि हाती आलेली निव्वळ मालमत्ता यांच्यातला फरक गुडविल म्हणून लिहितात. हा फरक सुमारे 17 हजार कोटींचा निघाला.

या 17 हजार कोटींकडे जरा थांबून पाहायला हवे. घोषणेच्या वेळी हाच सौदा 31,700 कोटींचा म्हणून सांगितला गेला होता. गुणोत्तर 4.39 चेच राहिले, शेअरही तेवढेच निघाले. मधल्या सोळा महिन्यांत युनिलिव्हरचा भाव चढला आणि मोबदला साडेआठ हजार कोटींनी वाढला. हॉर्लिक्सची किंमत मात्र हॉर्लिक्सच्या विक्रीवर आणि नफ्यावर ठरते, युनिलिव्हरच्या शेअरवर नाही. त्यामुळे वाढलेली जवळजवळ सगळी रक्कम जाऊन बसली गुडविलमध्ये. अशा सौद्यातल्या गुडविलचा मोठा आकडा पाहून कंपनीने घासाघीस न करता जास्त किंमत मोजली, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. आधी ताब्याच्या दिवशीचा भाव आणि घोषणेच्या दिवशीचा भाव ताडून पाहायला हवा.

ताब्यानंतर भाव घसरला तर? हेही लगेच घडले. ग्लॅक्सोच्या मूळ ब्रिटिश समूहाने मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात आपल्या वाट्याचे 5.7 टक्के शेअर बाजारात विकले. त्यांना सुमारे 25,480 कोटी रुपये मिळाले, म्हणजे शेअरमागे 1,900 रुपयांच्या आसपास. युनिलिव्हरच्या वहीत मात्र या विक्रीने एका रुपयाचाही फरक पडला नाही, कारण तिच्या लेखी मोबदला 1 एप्रिललाच ठरून गेला होता.

सगळ्याच विलीनीकरणांच्या नोंदी अशा होत नाहीत. एचडीएफसी लिमिटेड 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि जुन्या 25 शेअरांमागे बँकेचे 42 शेअर मिळाले. बँकांना अजून जुनी लेखामानके लागू आहेत. तिथे एएस 14 मधली हितसंबंध एकत्र करण्याची पद्धत वापरली गेली, म्हणजे मालमत्ता आणि देणी जुन्याच वहीतील किमतीला आली आणि विलीन कंपनीची गंगाजळीही सोबत आली. ग्लॅक्सोच्या बाबतीत तिची जुनी गंगाजळी संपली. घेणाऱ्याच्या वहीत ती येतच नाही.

युनिलिव्हरच्या भागधारकांना या नोंदीचा परिणाम एका गुणोत्तरात ठळक दिसला. मार्च 2020 अखेर वर्षाचा नफा निव्वळ संपत्तीच्या 84 टक्के होता. पुढच्या वर्षी नफा वाढूनही तोच आकडा 17 टक्क्यांवर आला. साबण, चहा, शाम्पूचा धंदा बिघडला नव्हता. भागाकारातला खालचा आकडा तेवढा सहापट झाला होता.

या गुडविलवर दरवर्षी घसारा आकारला जात नाही. हॉर्लिक्ससारख्या अमर्याद आयुष्य मानलेल्या ब्रँडवरही नाही. त्याऐवजी वर्षातून किमान एकदा तपासणी करावी लागते: या व्यवसायातून पुढे येणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य वहीतल्या आकड्यापेक्षा कमी तर झाले नाही ना? झाले असेल, तर तेवढी रक्कम त्याच वर्षीच्या नफ्यातून एकदम वजा होते, आणि गुडविलमधली वजावट पुढे धंदा सुधारला तरी परत घेता येत नाही. वार्षिक अहवालातल्या अमूर्त मालमत्तेच्या टिपणीत या तपासणीसाठी धरलेला वाढीचा दर आणि व्याजदर दिलेला असतो. पेयांची विक्री मंदावत असताना तिथला वाढीचा दर मात्र जसाच्या तसा असेल, तर वार्षिक सभेत भागधारकाने त्याबद्दल विचारावे.