पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं

महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात रोज येणाऱ्या तक्रारींत बहुतेक पत्रं एका ओळीची असतात : ‘आमच्याकडे घाण पाणी येते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ अशा पत्रावर शिक्का बसतो आणि ते फाइलला लागतं. पण एखाद्या पत्रात चार वाक्यं जास्त असतात, आणि मग त्या कागदावरून रस्त्याखाली मीटरभर खोल काय चाललंय ते चक्क दिसायला लागतं. नमुना म्हणून हे पत्र घ्या.

‘महोदय, आमच्या गल्लीत सकाळी सहा ते साडेसात पाणी येते. मंगळवारपासून पहिली दहा मिनिटे मातकट पाणी येते व त्यास गटाराचा वास येतो. नंतर पाणी निवळते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तीन घरांना हा त्रास नाही. चौथ्या घरापासून पुढे दहाही घरांना आहे. तिसऱ्या व चौथ्या घरामधील ड्रेनेजचा चेंबर आठवड्यापासून तुंबला आहे.’

जाणत्या कनिष्ठ अभियंत्याला यातला सगळ्यात मोलाचा शब्द कोणता वाटेल? ‘गटार’ नव्हे, ‘पहिली’!

पाणी दीड तास येतं, म्हणजे उरलेले साडेबावीस तास नळाची लाइन बंद असते. पाणी चालू असताना आत दाब असतो. टाकीतली पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतो. पाइपला भोक असलं तरी या दाबामुळे पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. साडेसातला व्हॉल्व्हमन चावी फिरवतो आणि खेळ उलटतो. उतारावरच्या घरांचे नळ उघडेच असतात, कुणी थेट लाइनला मोटर लावलेली असते, त्यामुळे पाइपमधलं उरलंसुरलं पाणी ओढलं जातं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो. सकाळी ज्या भोकातून पाणी वाया जात होतं, तेच भोक आता भोवतालचा ओलावा आत ओढू लागतं. भोवती कोरडी माती असेल तर फार बिघडत नाही. पण जुन्या वस्त्यांत घरोघरीच्या नळजोडणीचे जीआय पाइप गटारातूनच ओलांडून नेलेले असतात. त्यांची जुडी काळ्या पाण्यात पडलेली असते, आणि गंज नेमका पाण्याच्या पातळीशी, जिथे हवा आणि ओल दोन्ही मिळतात तिथे जास्त धरतो.

आता ‘दहा मिनिटे’ हा आकडा तपासून बघू. चार इंची, म्हणजे शंभर मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला पावणेआठ लिटरच्या आसपास पाणी मावतं. चौथ्या घरापासून गल्लीच्या टोकापर्यंत पन्नास मीटर धरले, तर पाइपच्या पोटात जवळपास चारशे लिटर. दहा घरांनी एकदम नळ सोडले आणि प्रत्येक नळाला मिनिटाला पाच लिटर पाणी आलं, तर मिनिटाला पन्नास लिटर उपसले जातात. चारशेला पन्नासने भागा : आठ मिनिटं. वेगाने येणारं पाणी तळाशी बसलेला गाळही ढवळत आणतं, त्यासाठी दोनेक मिनिटं धरा. पत्र लिहिणाऱ्याने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून जे लिहिलं, ते पाइपचं आकारमान निघालं!

पाणी दीड तास सारखंच गढूळ आलं असतं, आणि साऱ्या वॉर्डात आलं असतं, तर दोष जलशुद्धीकरण केंद्रात किंवा मुख्य जलवाहिनीत शोधावा लागला असता. एकाच घरात आलं असतं तर त्या घराच्या जोडणीत किंवा गच्चीवरच्या टाकीत. इथे तीन घरं सुटली आणि चौथ्यापासून त्रास सुरू झाला, म्हणजे भोक त्यांच्या मध्ये कुठेतरी. तुंबलेला चेंबर तिथेच आहे.

वासाचीही साक्ष घ्यायला हवी, कारण या कामात आपलं नाक यंत्राच्या तोडीचं आहे. पाण्याला कधी कधी ओल्या मातीचा वास येतो, तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. एका लिटरमध्ये ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी अनेकांना तो कळतो. धरणात शेवाळ वाढलं की तो शहरभर येतो, पण ते द्रव्य स्वतः घातक नसतं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी कुठेतरी हवेवाचून साचून राहिलंय. गटाराचा वास मात्र सांडपाण्याचा, तिथे थांबायचं नाही.

मग खात्री कशी करतात? ओटी चाचणीने. तिसऱ्या घरच्या नळाचं पाणी नळीत घेऊन द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. चौथ्या घरी रंगच आला नाही, तर वाटेत कुठल्यातरी घाणीने तो खाऊन टाकला. एवढ्यावरून कुठे खणायचं ते ठरतं. एकट्या शेवटच्या घरी क्लोरीन मिळाला नाही तर घाई करू नये. बंद टोकाशी पाणी साचून तो आपोआपही संपतो.

घोटाळा होतो तो वेळेचा. कर्मचारी नमुना घ्यायला सातला पोचतात, तोवर चारशे लिटर केव्हाच वाहून गेलेले असतात. बाटलीत नितळ पाणी भरलं जातं, अहवाल ‘पिण्यास योग्य’ येतो आणि तक्रारदार खोटा ठरतो. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या पाण्याबद्दल.

आणि जिथे नाक-डोळ्यांचं काही चालत नाही, अशीही जागा आहे. १९५५च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेच्या वझिराबाद उपसा केंद्रापाशी नजफगढ नाल्याचं सांडपाणी मिसळलं. तुरटी आणि क्लोरीन वाढवून पाणी शुद्ध केलं गेलं, आणि विषमज्वराची साथ आली नाही, म्हणजे जिवाणू मेले होते. पण काही आठवड्यांनी शहरात काविळीची लाट उसळली, अंदाजे २९ हजार लोकांना ती झाली. तो हेपटायटिस ई हा विषाणू होता, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी कळलं. म्हणून अकराव्या मिनिटाला निवळलेलं पाणी निर्धोक समजू नका. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, रोगजंतू मरतीलच असं नाही.

तक्रार लिहाल तेव्हा एवढं जरूर लिहा : पाणी कितीला सुरू होतं, गढूळपणा कितव्या मिनिटाला संपतो, कुठल्या घरापासून त्रास आहे, कुठल्या घराला नाही, वास कसला आहे, आणि जवळ कुठे चेंबर तुंबलाय किंवा खोदकाम चाललंय का. नमुना पहिल्या पाच मिनिटांत घ्यावा, ही मागणी स्पष्ट शब्दांत करा. दुरुस्ती होईपर्यंत पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, आणि नंतरचंही खळखळून उकळूनच प्या.