पाण्याचा जमाखर्च

भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची धरणं शहापूर तालुक्यात. तरी उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर जातो. शेजारच्या मुरबाडमध्येही तेच. पाऊस मात्र साधारण अडीच हजार मिलिमीटर! मग पाणी जातं कुठे?

हिशेब सोपा आहे: पाऊस = बाष्पीभवन + बाष्पोत्सर्जन + वाहून गेलेलं पाणी + जमिनीत उरलेली शिल्लक.

उदाहरणासाठी ५ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र धरू. जून ते सप्टेंबरमध्ये पाऊस २,५०० मिमी, जमीन आणि झाडांवाटे उडालेलं पाणी ४५० मिमी, ओढ्यातून गेलेलं १,८५० मिमी. शिल्लक २०० मिमी. एका चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर. म्हणून शिल्लक १०० कोटी लिटर. दीड हजार वस्तीला, माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे, आठ महिन्यांना लागतं जेमतेम २ कोटी!

पण ही शिल्लक विहिरीत नसते. काही मातीत राहते आणि झाडं ती ओढून घेतात. बरीचशी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपून ओढ्यात उतरते. ओढा दिवाळीनंतरही वाहतो तो त्यावरच. तो आटला की खडकात फारसं काही उरलेलं नसतं.

आणि शिल्लक मोजलेली नाही, वजाबाकीतून आलेली आहे. पर्जन्यमापक पाच टक्के चुकला तर फरक १२५ मिमीचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त शिल्लक केवळ कागदावरची. म्हणून विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून ताळा घ्यावा लागतो.