लष्करमधले रक्तदान शिबिर : तीन आठवड्यांची आखणी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी मंडळाला सभागृहात एक दिवसाचे शिबिर घ्यायचे आहे, असे धरू.

पहिला आठवडा : तारीख आणि आकडा

सभागृह ठरवण्याआधी परवानाधारक रक्तपेढीशी बोलावे; जयारोग्य रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करता येते. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, पण तेव्हा ग्वाल्हेरचा उन्हाळा अंग भाजून काढतो. १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन बरा. मात्र पंचांग पाहावे. नवरात्र किंवा एकादशी आली तर उपाशी माणसे येतील, आणि उपाशीपोटी रक्त घेत नाहीत.

किती जणांना बोलवायचे, हे रक्तपेढीचे पथक ठरवते. नियमांप्रमाणे पाच तासांत १०० ते १२० दात्यांसाठी सहा ते आठ खाटा, एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस लागतात. आपल्याकडे सहा खाटा असतील आणि प्रत्येक दात्याला वीस मिनिटे धरली, तर तासाला अठरा, पाच तासांत नव्वद जण होतात. तपासणीत काही जण बाद होतात, म्हणून एकशेदहा नावे पुरेत. त्याहून जास्त गर्दी जमवण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो. लाल पेशी साधारण ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच. साठवण आणि मागणी यांच्यापलीकडचे रक्त वाया जाते.

दुसरा आठवडा : जागा आणि प्रचार

सभागृह तळमजल्यावरचे, हवेशीर हवे. अखंड वीज, हात धुण्याची सोय आणि पथकाच्या गाडीला दारापर्यंत वाट हवी. एका दारातून प्रवेश, मग नोंदणी, तपासणी, खाटा, अल्पोपाहार आणि दुसऱ्या दारातून बाहेर, अशी मांडणी केली की रांगा एकमेकींत अडकत नाहीत.

पत्रके मराठी आणि हिंदी दोन्हींत काढावीत. त्यांत घोषणांपेक्षा अटी ठळक असाव्यात : वय १८ ते ६५ (साठीनंतर पहिल्यांदा देता येत नाही), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन आणि स्त्रियांचे चार महिने झालेले. भेटवस्तूचे आमिष दाखवू नये. त्यापायी माणूस आजार लपवतो.

तिसरा आठवडा : स्वयंसेवक

प्रत्येक दात्याला फोन करून वेळ नेमून द्यावी, नाहीतर अकराच्या सुमारास सगळे एकदम येतात. आदल्या दिवशी पुन्हा फोन करून भरपूर पाणी प्या, जेवून या, असे सांगावे.

अल्पोपाहाराच्या टेबलाशी सर्वांत सावध स्वयंसेवक बसवावेत, कारण भोवळ पुष्कळदा खाटेवरून उठल्यावर येते. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया येऊ लागल्या की दात्याला तिथेच आडवे करून पाय उंच करावेत आणि डॉक्टरांना बोलवावे. बरे वाटत असले तरी दहा-पंधरा मिनिटे कोणालाही सोडू नये.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जाणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच असतात. त्यांना आकडा लिहून द्यावा आणि डॉक्टरांशी दोन मिनिटे बोलायला लावावे.